समुद्राच्या पाण्याला २७ बार का पुरत नाहीत?

समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ बार असतो. त्यापेक्षा जास्त दाब दिला की पाणी जाऊ देणाऱ्या पण क्षार अडवणाऱ्या पडद्यातून गोडं पाणी येऊ लागतं, असं पाठ्यपुस्तकात शिकवतात आणि ते बरोबरही आहे. मग समुद्राचं पाणी अशा पडद्यातून ढकलून गोडं करणाऱ्या आरओ प्रकल्पातले पंप ५५ ते ६५ बारवर का चालवतात? हा वरचा दाब वाया जात नाही. तो कुठे कामाला येतो हे पाहिलं, की परासरण दाब ही काय चीज आहे तेही नीट कळतं.

आधी हे २७ बार येतात कुठून ते पाहू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. सोयीसाठी ते सगळं साधं मीठ आहे असं धरू. मिठाच्या एका मोलचं वजन ५८.४ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे ०.६ मोल मीठ झालं. विरघळताना त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन सुटे होतात, म्हणून कण झाले १.२ मोल. व्हान्ट हॉफच्या नियमानुसार २५ अंश सेल्सिअसला दर लिटरमागे एक मोल कण असले की २४.८ बार परासरण दाब येतो. गुणाकार केला की ३० च्या जरा आत उत्तर मिळतं. प्रत्यक्षात आयन एकमेकांना ओढतात, त्यामुळे त्यांचा परिणाम आठ-दहा टक्क्यांनी कमी भरतो आणि आकडा २७ च्या आसपास स्थिरावतो. या हिशोबात कणांची संख्या महत्त्वाची आहे, त्यांचं वजन नाही. तेवढ्याच वजनाची साखर विरघळवली तर दाब जेमतेम अडीच बार भरेल, कारण साखरेचा रेणू मोठा असतो आणि तो फुटतही नाही.

पडद्याच्या एका बाजूला खारं आणि दुसऱ्या बाजूला गोडं पाणी ठेवलं, तर पाण्याचे रेणू दोन्ही दिशांनी ये-जा करत राहतात. क्षार विरघळलेले असले की पाण्याची आपली बाजू सोडून पलीकडे जाण्याची ओढ थोडी कमी होते, म्हणून एकूण प्रवाह गोड्याकडून खाऱ्याकडे वाहतो. खाऱ्या बाजूवर दाब दिला की तिथल्या पाण्याची ही ओढ पुन्हा वाढते. २७ बारला दोन्हीकडची ओढ सारखी होते. म्हणजे २७ बारला गोडं पाणी यायला सुरुवात होत नाही, फक्त उलटं जायचं थांबतं. त्यावर जो दाब उरेल, तेवढ्याच प्रमाणात पाणी मिळतं. एक रिकामी नळी तोंडाशी असा पडदा बसवून समुद्रात सोडली, तर सुमारे २७० मीटर खोलीपर्यंत आत थेंबही येणार नाही. त्याहून खाली गेल्यावर मात्र ती गोड्या पाण्याने भरू लागेल.

पण समुद्र अथांग आहे आणि प्रकल्पातली नळी तशी नाही. खरी मेख इथेच आहे.

मोठ्या प्रकल्पात आठ इंच व्यासाची आणि चाळीस इंच लांबीची पडद्याची गुंडाळी वापरतात. तिला एलिमेंट म्हणतात. तिच्यात पडद्याची पानं घडी घालून, मध्ये प्लॅस्टिकची जाळी ठेवून गुंडाळलेली असतात, आणि एका गुंडाळीत सुमारे ३७ चौरस मीटर पडदा मावतो. प्रत्यक्ष क्षार अडवणारा पॉलिअमाइडचा थर इतका पातळ असतो, की केसाच्या जाडीत असे शेकडो थर बसतील. बाकीचं सगळं त्याला आधार द्यायला असतं. अशा सहा-सात गुंडाळ्या एकामागे एक एका लांब नळकांड्यात, म्हणजे प्रेशर व्हेसलमध्ये, बसवतात. पहिल्या गुंडाळीतून जे खारं पाणी उरतं तेच दुसरीत जातं, तिथून तिसरीत, आणि असंच पुढे.

आता एका व्हेसलचा हिशोब करू. त्यात सात गुंडाळ्या आहेत. तासाला ८,००० लिटर समुद्राचं पाणी आत येतं आणि त्यातून ३,६०० लिटर गोडं पाणी हवं आहे, म्हणजे ४५ टक्के. पडदा जवळजवळ सगळे क्षार अडवतो, तेव्हा ८,००० लिटरमधले क्षार उरलेल्या ४,४०० लिटरमध्ये साठतात. ३५ ग्रॅमचे जवळपास ६४ ग्रॅम होतात आणि परासरण दाब २७ वरून ४९-५० बारवर जातो. पहिल्या गुंडाळीच्या तोंडाशी पाणी समुद्राचं असतं, पण सातवीच्या शेपटाशी ते अगदी वेगळं असतं. पंपाच्या दाबाला त्या शेपटाशी असलेल्या पाण्यावर मात करावी लागते.

शिवाय पडद्याच्या अगदी लगतचं पाणी मधल्या प्रवाहापेक्षा जास्त खारट असतं. पाणी पडद्यातून निघून जातं आणि क्षार मागे उरतात. ते विरून मुख्य प्रवाहात परत जाईपर्यंत तिथे खारटपणाची एक पातळ साय धरते. जोराने पाणी ओढलं जातं तिथे ही साय दहा-पंधरा टक्क्यांनी जास्त खारट असू शकते. पडदा ज्या परासरण दाबाला तोंड देतो तो या सायीचा असतो. मीटर मुख्य प्रवाह मोजतो, त्यामुळे तिथे तो दिसत नाही. मधली जाळी नुसती पानं वेगळी ठेवायला नसते. पाणी घुसळून ही साय मोडत राहणं हेही तिचं काम आहे.

या व्हेसलला किती दाब लागेल? समुद्राच्या पाण्यासाठीच्या पडद्यातून, वर उरलेल्या प्रत्येक बारमागे दर चौरस मीटरला तासाला साधारण एक लिटर पाणी जातं असं धरू. एकेक गुंडाळी धरून हिशोब केला तर उत्तर ५७ बारच्या आसपास येतं. पहिल्या गुंडाळीच्या तोंडाशी साय धरून परासरण दाब सुमारे ३० बार असतो, म्हणजे कामाला २७ बार उरतात. ती गुंडाळी तासाला ९०० लिटरच्या आसपास पाणी देते. सातवीपाशी पोचेपर्यंत घर्षणात बारभर दाब गेलेला असतो आणि परासरण दाब पन्नाशीला भिडलेला असतो. तिथे जेमतेम पाच बार उरतात, आणि त्या गुंडाळीतून २०० लिटरही येत नाही. एकाच दाबाखाली, एकाच नळकांड्यात, पहिली गुंडाळी एकूण पाण्याचा चौथा हिस्सा देते आणि शेवटची विसावा.

हाच हिशोब उलटा केला की मर्यादा स्पष्ट होते. ४० बारवर पंप चालवला, तर क्षार साठून परासरण दाब ४० झाला की प्रवाह थांबणार. तोवर ८,००० पैकी फार तर ३२ टक्के पाणी निघालेलं असेल, मग पडदा कितीही लांब असो. सूत्र सोपं आहे: २७ ला लावलेल्या दाबाने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. ३० बारला ही कमाल १० टक्के येते आणि ५७ बारला ५२ टक्के. आपण मागितलेले ४५ टक्के त्याच्या आत बसतात, आणि उरलेलं अंतर म्हणजे शेवटच्या गुंडाळ्यांना जिवंत ठेवणारा दाब. गुंडाळ्या बहुतेक ८३ बारपर्यंतच्याच असतात. तिथवर ताणायला हरकत नाही असं कागदावर वाटतं, पण दाब वाढवला की पहिली गुंडाळी आणखी जोराने ओढू लागते, तिथली साय दाट होते आणि पाण्यातला गाळ तिच्यावर चिकटून बसतो. शेवटच्या गुंडाळ्यांत क्षारांचे खडे धरायची भीतीही वाढते. म्हणून ४० ते ५० टक्क्यांवर समाधान मानणंच बरं.

कमी दाबात पाणी कमी येईल, पण निदान शुद्ध तरी येईल, असा एक गैरसमज असतो. होतं नेमकं उलट. पडद्यातून थोडे क्षार झिरपतातच. हे झिरपणं दोन बाजूंच्या खारटपणातल्या फरकावर ठरतं, दाबाशी त्याचा फारसा संबंध नसतो. दाब कमी केला की क्षार जवळपास तेवढेच येतात आणि पाणी मात्र कमी येतं, म्हणजे मिळणारं पाणी जास्त खारट होतं. आपल्या व्हेसलमध्ये सातवीतलं पडद्याच्या खाऱ्या बाजूचं पाणी पहिलीपेक्षा सुमारे दुप्पट खारट असतं आणि तिच्यातून पाणी येतं पाचव्या हिश्श्याने. त्यामुळे तिचं गोडं पाणी पहिलीच्या आठ-नऊ पट क्षारयुक्त निघतं. काही प्रकल्पांत सुरुवातीच्या गुंडाळ्यांचं पाणी व्हेसलच्या तोंडाकडच्या टोकाने वेगळं काढतात ते याच कारणाने.

खालावलेल्या दर्जाचं कारण शोधतानाही हे ध्यानात ठेवावं लागतं. पाणी कमी झालं आणि खारटपणाही थोडा वाढला, तर आधी दाब आणि समुद्राचा खारटपणा तपासावा. पाणी वाढलं आणि खारटपणाही वाढला, तर पडद्याला इजा झाली असण्याची शक्यता जास्त. बहुधा क्लोरीनने पॉलिअमाइडचा थर कुरतडलेला असतो किंवा दोन गुंडाळ्यांमधली ओ-रिंग निसटलेली असते. थंडीत नुसतंच पाणी घटलं, तर घाबरायचं कारण नाही. एका अंशाने तापमान उतरलं की पडद्यातून जाणारं पाणी तीनेक टक्क्यांनी कमी होतं. परासरण दाबही उतरतो, पण दहा अंशांना तीन टक्के, म्हणजे नगण्य.

एवढ्या दाबाची किंमत विजेत मोजावी लागते. तासाला ८,००० लिटर पाणी ५७ बारवर न्यायला, पंपाचा तोटा सोडून, साडेबारा युनिट लागतात, म्हणजे गोड्या पाण्याच्या हजार लिटरमागे साडेतीन युनिट. पण उरलेलं दाट खारं पाणी, म्हणजे ४,४०० लिटर ब्राइन, जवळजवळ तेवढ्याच दाबाने बाहेर पडतं. प्रेशर एक्स्चेंजर नावाच्या यंत्रात त्याचा दाब नव्या समुद्राच्या पाण्याला दिला, तर त्यातली ९५ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा परत मिळते आणि खर्च पावणेदोन युनिटच्या घरात येतो. तुलनेसाठी, २७ बारच्या विरुद्ध हजार लिटर ढकलायचा निसर्गाचा किमान हिशोब पाऊण युनिट आहे, आणि तोही एक थेंबच काढायचा इतक्या संथपणे काम केलं तर.

पंप बंद केला की परासरण पुन्हा मूळ दिशेला वळतं. व्हेसलमध्ये ६४ ग्रॅमचं ब्राइन तसंच उभं असतं. त्याला विरोध करणारा दाब एकदम गेला, की पन्नास बारची ओढ गोडं पाणी मागे खेचू लागते. पानांच्या चिकटवलेल्या कडा सुटतात किंवा पातळ थर आधारापासून फुगून निघतो. गोड्या पाण्याच्या बाजूचा उलटा दाब ०.३ बारपेक्षा जास्त होऊ द्यायचा नसतो. म्हणून पंप थांबताच कमी दाबाने गोडं पाणी सोडून ब्राइन धुऊन काढतात. गोड्या पाण्याच्या नळावर उंचावर एक छोटी टाकी ठेवतात, म्हणजे मागे खेचलं गेलं तरी पाण्याऐवजी हवा आत शिरत नाही. सुरू करताना आधी संथ प्रवाहाने हवा बाहेर काढायची आणि मग दर सेकंदाला ०.७ बारपेक्षा वेगाने दाब वाढू द्यायचा नाही. ५७ बारला पोचायला मग दीडेक मिनिट लागतं.