मूर्तीवर फिकट हिरवी पावडर येतेय? आधी ते लिंबू खाली ठेवा

जुन्या कांशाच्या किंवा पंचधातूच्या मूर्तीवर हिरवे ठिपके दिसले की बहुतेक घरांत पहिलं काय होतं, तर लिंबू कापतात, त्यावर मीठ टाकतात आणि मूर्ती लख्ख घासतात. महिन्याभरात ठिपके परत, त्याच जागी. मग चिंच, मग बाजारातली एखादी पावडर, आणि मग आम्हाला फोन. तोवर देवाचं नाक निम्मं झिजलेलं असतं.

हे जे परत परत येतं त्याला ब्रॉन्झ डिसीज म्हणतात. नाव रोगाचं असलं तरी जंतू-बिंतू काही नाही, शेजारच्या मूर्तीला ‘लागण’ होत नाही. मामला मिठाचा आहे. मूर्ती खाऱ्या मातीत, खाडीच्या पाण्यात खूप वर्षं राहिली की क्लोराईड आत शिरतं आणि तांब्याशी मिळून क्युप्रस क्लोराईड होतं. हे करड्या मेणासारखं दिसतं आणि वरच्या हिरव्या थराखाली, थेट धातूला चिकटून बसतं. कोरडं असेपर्यंत शेकडो वर्षं गप्प. ओलावा आणि ऑक्सिजन पोचला की त्याची फिकट हिरवी भुकटी होते, भुकटीला जागा जास्त लागते म्हणून ती वरचा थर उचलून फोडते, आणि सोबत थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड सुटतं. ते ॲसिड शेजारचं चांगलं तांबं खातं आणि परत क्युप्रस क्लोराईड तयार. म्हणजे क्लोराईड खर्चच होत नाही, तेच तेच फिरत राहतं. आता यात लिंबू-मीठ घातलं तर काय होणार, तुम्हीच बघा.

प्रत्येक हिरवं मात्र रोग नसतं. काळपट हिरवा, गुळगुळीत, नखाने न निघणारा थर म्हणजे पॅटिना, तो मूर्तीचं वयच आहे, त्याला हात लावू नका. देवघरातल्या मूर्तीच्या खाचांत अजून एक हिरवं असतं, तुपातेलाचं. तांबं आणि तूप मिळून मऊ चिकटा होतो, बोटाला फासला जातो. तोही रोग नाही. रोगाची भुकटी फिकट, कोरडी, खडूसारखी, आणि तिच्याखाली छोटा खड्डा असतो. घरी बघायचं असेल तर मऊ कोरड्या ब्रशने ठिपका झाडा, फोटो काढा, पावसाळी हवेत चार-पाच दिवस थांबा. तिथेच ताजी भुकटी आली तर आम्हाला कळवा.

एक काम सांगतो म्हणजे आम्ही नक्की काय करतो ते कळेल. कोकणातल्या एका घरातली वीतभर उंचीची विष्णूची मूर्ती. आजोबांच्या काळात खाडीचं पाणी घरात शिरलं, मागची भिंत बसली आणि मूर्ती चाळीसेक वर्षं त्या मातीखाली राहिली. आमच्याकडे आली तेव्हा पाठीवर आणि चक्राच्या मागे मिळून अकरा ठिपके.

एका ठिपक्याची चिमूटभर भुकटी विरल नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवली, सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले, लगेच फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका. क्लोराईड पक्कं. मग मायक्रोस्कोपखाली बसून सुईने आणि स्काल्पेलने एकेक खड्डा कोरडाच साफ केला, करडा मेणचट भाग दिसेनासा होईपर्यंत. यालाच नऊ दिवस गेले आणि खरं सांगायचं तर बिलातला मोठा आकडा याच कामाचा असतो, केमिकलचा नाही.

त्यानंतर मूर्ती अल्कोहोलमधल्या 3 टक्के बेन्झोट्रायझोलच्या द्रावणात बुडवून व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवली. पंप सुरू केला की खड्ड्यांतून बारीक बुडबुडे निघतात, ती आत अडकलेली हवा, तिच्या जागी द्रावण जातं. बुडबुडे थांबल्यावर 24 तास तशीच. बेन्झोट्रायझोल तांब्याच्या संयुगांना धरून पातळ पापुद्रा बनवतं आणि ओलावा आत पोचू देत नाही. क्लोराईड काढून टाकत नाही हां, फक्त कोंडून ठेवतं. म्हणून आम्ही ‘बरं झालं’ म्हणत नाही, ‘स्थिर झालं’ म्हणतो.

मग परीक्षा. मूर्ती मुद्दाम 95 टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असलेल्या बंद पेटीत एक दिवस ठेवायची. आमच्या विष्णूचे नऊ ठिपके शांत राहिले, चक्रामागचे दोन मात्र सकाळी परत हिरवे. खड्डा खोल असला की असं होतं. ते दोन पुन्हा कोरले आणि त्यांत सिल्व्हर ऑक्साईडची अल्कोहोलमध्ये कालवलेली पेस्ट टूथपिकने दाबून भरली. तिथलं क्लोराईड चांदीशी बांधलं जातं आणि खड्ड्याला बूच बसतं. पुन्हा पेटीत, या वेळी पास. शेवटी ॲक्रिलिक लॅकरचे दोन हात आणि वरून मेण.

लोक विचारतात की करंट लावून एका झटक्यात होत नाही का. होतं. मद्रासच्या सरकारी म्युझियममध्ये 1930 साली एस. परमशिवन यांनी जी प्रयोगशाळा उभी केली ती याच दुखण्यासाठी, जमिनीतून निघालेल्या दक्षिणेतल्या कांस्यमूर्तींसाठी, आणि तिथे इलेक्ट्रोलिसिसनेच काम व्हायचं. क्लोराईड खरंच बाहेर येतं, पण त्याबरोबर सगळा पॅटिना जातो आणि बारीक नक्षी थरातच उरली असेल तर तीही जाते. म्हणून आता म्युझियमवाले शक्यतो टाळतात, आम्हीही. सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या पाण्यात भिजवायची पद्धतही आहे, पण त्याला कित्येक महिने लागतात आणि रंग बदलतो.

काम झाल्यावर मूर्ती कोरडी ठेवणं तुमच्याकडे. साधारण 42 ते 46 टक्के आर्द्रतेच्या पुढे क्लोराईड जागं होतं आणि कोकणात पावसाळ्यात 85-90 सहज असते, त्यामुळे उघड्या कपाटात नाही, घट्ट झाकणाच्या ॲक्रिलिक पेटीत, खाली सिलिका जेल आणि आत छोटा डिजिटल हायग्रोमीटर. आकडा 40 च्या खाली हवा. वर चढायला लागला की जेल ओव्हनमध्ये सुकवून परत ठेवा. लाकडी पेटी नको, लाकडातून आम्ल वाफा निघतात.

आणि हे आधीच सांगतो कारण नंतर भांडणं होतात: बेन्झोट्रायझोल लावलेल्या मूर्तीवर अभिषेक करायचा नाही. पाण्याने काम बिघडतं हे एक, आणि ते तीर्थ पोटात जाणं चांगलं नाही हे दुसरं. देवळात स्नपनासाठी वेगळी छोटी मूर्ती असतेच, घरीही तसंच करा. वरच्या विष्णूच्या आजीबाई आधी रागावल्या, मग त्यांनीच शाळिग्राम काढून दिला.

मूर्ती आणताना धुऊन आणू नका, आहे तशी झिप पाऊचमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आणा, गळालेली भुकटी कागदाच्या पुडीत वेगळी. मूर्ती शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखालचं नोंदणीचं कागदपत्र लागेल. आणि जमिनीत नुकतीच सापडली असेल तर आमच्याकडे नाही, आधी कलेक्टर ऑफिसला जा. 1878 च्या कायद्यात पुरलेल्या वस्तूची किंमत 10 रुपयांच्या वर असली तरी कळवावं लागतं, आणि तो कायदा अजून चालू आहे.

ठिपक्यांचे फोटो जवळून, उन्हात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून व्हॉट्सॲपवर पाठवा. बघण्याचे पैसे घेत नाही. तुपाचा चिकटा असेल तर तसंच सांगू.