केबल वाकडी धरली तरच फोन चार्ज होतोय? पैसे घालायच्या आधी हे बघा

केबल जरा उचलून धरायची, खाली चष्म्याची डबी टेकू म्हणून सरकवायची, तेव्हा कुठे ते विजेचं चिन्ह दिसतं आणि कोणाचा हात लागला की परत बंद. अशा वेळी सगळे लगेच म्हणतात पोर्ट गेला, दुकानात द्या. पण टाइप-सी मध्ये झिजायचा भाग मुद्दाम केबलमध्ये ठेवलाय. फोनच्या तोंडात मधोमध एक पातळ जीभ असते, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून 24 संपर्क, आणि त्यांना दाबून धरणाऱ्या बारीक स्प्रिंगा असतात केबलच्या टोकात. म्हणून आधी दुसरी चांगली केबल लावून बघा, स्प्रिंगा तिथेच सैल पडतात. पोर्ट साधारण 10,000 वेळा लावण्या-काढण्यासाठी बनवलेला असतो, रोज तीनदा धरलं तरी नऊ वर्षं, पण हा हिशोब सरळ लावून सरळ काढण्याचा आहे. चार्जिंगला लावून आडवं पडून व्हिडिओ बघताना केबल पोटावर टेकून वाकते, तो आडवा जोर त्यात धरलेला नाही, आणि पोर्ट खरा बिघडतो तो त्याच जोरानं.

आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या आत्याचा फोन असाच झाला होता. केबल बदलली, काही फरक नाही. मग टॉर्च मारून आत बघितलं तर तळाला करड्या नमद्यासारखा थर, म्हणजे खिशातला-पर्समधला कापूस, जो आपणच प्रत्येक वेळी केबल खुपसून आत ठासत असतो. त्यामुळे टोक पूर्ण आत जात नाही, फोन आणि केबलच्या मध्ये फट राहते, स्प्रिंगा जेमतेम टेकतात, आणि वाकडं धरलं की तेवढ्यापुरत्या दाबल्या जातात. फोन बंद केला, लाकडी टूथपिक चाकूनं तासून चपटी केली (जिभेच्या वरची जागा एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते) आणि कडेकडेनं हळूच कापूस ओढून काढला. सुई किंवा पिन कृपा करून घालू नका, संपर्क खरवडले जातात नाहीतर शॉर्ट होतो.

केबल परत टक्कन बसायला लागली. बऱ्याच फोनचं काम इथेच संपतं, आत्याचं नाही संपलं. एका बाजूनं लावली की चार्ज व्हायचा, केबल उलटी करून लावली की दाबून धरल्याशिवाय नाही. ही खूण महत्त्वाची आहे. समोर फोन आहे हे चार्जरला ज्या संपर्कातून कळतं तो जिभेच्या वर एक आणि खाली एक असा असतो, आणि केबलची तार एका वेळी त्यातल्या एकालाच लागते. दोन्ही टोकं टाइप-सी असलेल्या केबलला तो संपर्क मिळाला नाही तर चार्जर वीज सोडतच नाही. म्हणजे एकाच बाजूला अडतंय तर त्या बाजूचा संपर्क झिजलाय किंवा त्याचं सोल्डरिंग तडकलंय. आत्याच्या फोनमध्ये केबल हलवली की पोर्टचं सगळं तोंडच हलत होतं, म्हणजे सोल्डरिंग.

असं झाल्यावर डबीचा टेकू देऊन दिवस काढू नयेत असं मला अगदी मनापासून वाटतं. चांगल्या संपर्काचा रोध 0.04 ओहमच्या आत असतो, तो सैल होऊन अर्धा ओहम झाला आणि 2 अँपिअर करंट गेला तर त्या इवल्याशा जागेत 2 वॅट उष्णता तयार होते. फोनचं तोंड गरम लागलं, काळं पडलं, वास आला तर लगेच काढा. आणि फोटो वगैरेचा बॅकअप चार्ज होतोय तोवरच घ्या.

आता दुरुस्ती परवडते का, तर ते पोर्ट कुठे बसवलाय त्यावर आहे. बऱ्याच फोनमध्ये तो खालच्या वेगळ्या छोट्या चार्जिंग बोर्डावर असतो, स्क्रू काढून पट्टी सोडवली की बोर्ड बदलता येतं. जेल रोडच्या दुकानात भैयानं दोन भाव सांगितले, नुसता जॅक बदलायचे 300, अख्खं बोर्ड 550. नुसता जॅक म्हणजे गरम हवेनं जुना काढून नवा जोडायचा, हात चांगला असेल तर उत्तम, कारण बाकी बोर्ड कंपनीचंच राहतं. बोर्ड बदलणं सोपं, पण माइकसुद्धा बहुतेक वेळा त्याच बोर्डावर असतो आणि स्वस्त नकलेत माइक किंवा फास्ट चार्जिंग गंडतं. बॅटरी अजून दिवसभर पुरतेय, अपडेट येतायत, तर एवढे पैसे घालावेत. बॅटरीही दमली असेल तर फोन उघडलाच आहे तेव्हा तीही बदलून घ्या. पण पोर्ट थेट मुख्य बोर्डावर असेल आणि फोन जुना असेल तर मी नाही म्हणेन, तिथे एक चूक झाली की फोनच जातो. आणि पाण्यापासून बचाव असलेला फोन उघडला की तो बचाव पूर्वीसारखा धरून चालू नका.

पैसे द्यायच्या आधी दुकानातच केबल दोन्ही बाजूंनी लावा, जरा हलवा, फास्ट चार्जिंग लिहून येतं का बघा आणि एक फोन करून बोला. आत्यानं बोर्ड बदलून तिथूनच घरी फोन लावला, तर काकांना तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता, मग भैयाकडून लगेच दुसरं बोर्ड लावून घेतलं.