आज गळलेला केस, तीन महिन्यांपूर्वी सुटलेला

गळलेला एक केस उजेडात धरून बघा. त्याच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, पांढरट गाठ दिसेल. ती पाहून अनेक जण धसकतात, कारण केस मुळासकट उपटून आला असं वाटतं. खरं तर केसाचं मूळ कातडीत शाबूत असतं. गाठ एवढंच सांगते, की या केसाची वाढ कधीच थांबली होती आणि तो आपली वेळ भरल्यावर सुटला.

डोक्यावरचा प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आवरते. त्यानंतर तो साधारण तीन महिने नुसता जागेवर बसून राहतो. या विश्रांतीच्या अवस्थेला टेलोजेन म्हणतात. ती संपली की केस गळतो आणि त्याच जागी नवा उगवतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस धरले आणि त्यांतले दहा टक्के विश्रांतीत असले, तर दहा हजार केस शंभरेक दिवसांत गळायचे, म्हणजे रोजचे शंभर. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते. विश्रांतीतल्या केसांचं प्रमाण दहावरून पंधरा टक्क्यांवर गेलं, तर गळती रोज दीडशेवर जाते. डोक्यावर फरक जाणवत नाही, कंगव्यात मात्र लगेच जाणवतो.

हे प्रमाण ऋतूनुसार खरंच बदलतं. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात 14 निरोगी पुरुषांच्या केसांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं आणि 1991 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मार्चमध्ये त्यांचे नव्वद टक्क्यांहून अधिक केस वाढीच्या अवस्थेत होते. सप्टेंबरपर्यंत हे प्रमाण घटत गेलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दिवसाला सरासरी साठ केस गळत होते, आधीच्या हिवाळ्याच्या दुपटीहून जास्त. माणसं तीच होती आणि सगळी धडधाकट होती. पुढे झुरिकमध्ये 823 स्त्रियांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा विश्रांतीतल्या केसांचं प्रमाण जुलैत सर्वाधिक आढळलं. जुलैत विश्रांतीत गेलेला केस शरद ऋतूच्या सुमारास गळणार, म्हणजे दोन्ही निरीक्षणं एकमेकांशी जुळतात.

असं का होतं, यामागे दिवसाच्या लांबीचा हात असावा असं मानलं जातं. प्राण्यांची लोकर ऋतूप्रमाणे झडते, त्याचाच हा उरलेला अंश असावा, हा अंदाज मला पटतो. मात्र माणसात तो सिद्ध झालेला नाही. हे महिनेही उत्तरेकडच्या थंड प्रदेशातले आहेत. ते जसेच्या तसे सगळ्या जगाला लावू नयेत.

आता खरी अडचण. समजा, एका बाईंना सप्टेंबरमध्ये नेहमीच्या दुप्पट केस गळताना दिसतात. त्यांना जूनमध्ये आठवडाभर कडक ताप येऊन गेला होता. तापासारखा मोठा ताण, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा झपाट्याने उतरलेलं वजन यांमुळेही भराभर केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. गळलेल्या केसाच्या टोकाला दोन्हींत तीच पांढरी गाठ असते, म्हणून केस बघून फरक कळत नाही. त्यासाठी मागे वळून तारखा बघाव्या लागतात. गेल्या वर्षी, त्याच्या आदल्या वर्षी याच सुमारास गळती वाढून महिना-दोन महिन्यांत आपोआप ओसरली होती का? तसं असेल तर ऋतूकडे बोट जातं. हे पहिल्यांदाच होत असेल आणि केस मूठमूठ हातात येत असतील, तर कारण जूनचा ताप असण्याची शक्यता जास्त. तीही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते.

मोजताना एक चूक हमखास होते. तीन दिवसांनी डोकं धुतलं, की तीन दिवसांचे सुटलेले केस एकदम जाळीवर येतात आणि तो आकडा एका दिवसाचा समजला जातो. मोजायचंच असेल तर धुण्याचं अंतर ठरलेलं ठेवा आणि एका दिवसावर न जाता महिन्याची महिन्याशी तुलना करा.

काही खुणा मात्र ऋतूच्या खात्यावर टाकू नका. भांग दर महिन्याला रुंद दिसू लागला, कपाळाच्या कडा मागे सरकल्या, गोल चकत्या पडल्या, टाळू खाजतो किंवा दुखतो, किंवा गळती सहा महिन्यांनंतरही तशीच राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ऋतूच्या गळतीत भांगाची रेघ होती तेवढीच राहते, आणि काही आठवड्यांनी कपाळाच्या कडेला बोटभरही नसलेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले नवे केस उभे राहिलेले दिसतात.