कुकरवर Burn आलं, पण चूक निघाली रिंगची

मागच्या रविवारी मिसळीचा बेत होता. नाशकात राहून रविवारी मिसळ नाही तर काय करायचं, असो. मटकी मल्टीकुकरमध्येच कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून त्यावर लावली, दीड कप पाणी घातलं, झाकण लावलं. पंधरा-वीस मिनिटं झाली तरी प्रेशरची पिन वर येईना, कडेने वाफ फुसफुसतेय, आणि मग स्क्रीनवर Burn. आई म्हणाली, "पाणी कमी घातलंस." मी म्हटलं अगं पुस्तिकेत ६ लिटरच्या भांड्याला कमीत कमी दीड कप, म्हणजे ३७५ मिलीच लिहिलंय, तेवढंच घातलं ना!

दोघींचं बरोबर होतं, कारण पाणी होतं पण उडून गेलं. हीटर १००० वॉटचा आहे. कडेने वाफ सुटत असेल तर प्रेशर होत नाही आणि हीटर थांबतच नाही, मग उकळी आल्यावर मिनिटाला साधारण २५ मिली पाणी वाफ होऊन बाहेर जातं. पंचवीस गुणिले पंधरा करा, बरोबर ३७५! प्रेशर नीट धरलं की हीटर मधूनमधूनच चालतो, वाफ जवळपास आतच राहते, आणि गॅसवरच्या कुकरसारखी शिट्टीतूनही जात नाही, म्हणून एवढ्याशा पाण्यात भागतं.

आता Burn का येतं? भांड्याच्या बुडाला खालून एक सेन्सर टेकलेला असतो. तळाशी पातळ पाणी खेळतंय तोवर बूड पाण्याच्या उकळीपेक्षा फार तापत नाही, प्रेशरमध्ये ती उकळी ११५-११८ अंशांवर. तळ कोरडा पडला की तापमान झपकन वर जातं, सेन्सर हीटर बंद करतो. घट्ट वाटण तळाला चिकटलं असेल तर वरती पाणी असूनही हेच होतं, कारण त्या थरातून पाणी फिरत नाही. म्हणून परतून झालं की आधी थोडं पाणी घालून लाकडी उलथन्याने बूड खरवडायचं, मगच बाकीचं.

तर आम्ही बंद केला, वाफ पूर्ण जाऊ दिली, झाकण उलटं केलं. सिलिकॉनची रिंग एका जागी स्टीलच्या तारेतून निसटून लोंबत होती, धुऊन लावताना घाईत राहिलं असणार. बोटांनी दाबत फिरवली, सगळीकडून तारेत बसली की ती थोडी जोर लावून फिरते, लोंबत नाही. (पिनची छोटी टोपीही बघून घ्या, ती सिंकमध्ये हरवते.) मग खात्रीसाठी नुसतं तीन कप पाणी घालून पाच मिनिटं प्रेशर लावलं, दहा-बारा मिनिटांत पिन टक्कन वर आली आणि कडेची फुसफुस थांबली. रिंग नीट बसवूनही वाफ सुटत राहिली असती तर ती ढिली पडली म्हणून नवीन घ्यावी लागली असती.

मटकी तेवढी तळाची फेकली, वरची चांगली होती.