चेसिस नंबरवरून गाडी कुठल्या देशात बनली ते कसं ओळखावं

कोणासाठी: ज्यांच्या गाडीचा चेसिस नंबर, म्हणजेच व्हीआयएन, बरोबर 17 अक्षरांचा आहे त्यांच्यासाठी. खूप जुन्या गाड्यांचे नंबर आखूड असतात, त्यांना ही पद्धत लागू होत नाही.

लागणारी कागदपत्रं: आरसी आणि विम्याची पॉलिसी. नंबर मात्र आधी गाडीवरच वाचा. तो बॉनेटखालच्या किंवा दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवर आणि चेसिसवर कोरलेला असतो. कागदावरचा आणि कोरलेला नंबर जुळत नसेल, तर सौदा तिथेच थांबवा. या नंबरात I, O आणि Q ही अक्षरं कधीच नसतात, त्यामुळे गोल दिसेल ते शून्यच समजा.

वाचायचं कसं: पहिलं अक्षर प्रदेश सांगतं. J ते R आशिया, S ते Z युरोप, 1 ते 5 उत्तर अमेरिका. देश कळायला बहुतेक वेळा दुसरं अक्षरही लागतं. नुसत्या M वरून भारत म्हणता येत नाही, कारण MA ते ME भारताकडे आहेत, तर MF ते MK इंडोनेशियाकडे आणि ML ते MR थायलंडकडे. नव्या काही भारतीय गाड्यांचा नंबर MZ नेही सुरू होतो. J साठी मात्र पुढे बघायची गरज नाही, तो पूर्ण जपानचा.

तिसरं अक्षर मिळून कंपनी कळते. सुझुकीचंच घ्या. MA3 म्हणजे भारतातली मारुती सुझुकी, TSM म्हणजे हंगेरीतली सुझुकी आणि JS ने सुरुवात असेल तर जपानची. बोधचिन्ह तिन्हींवर एकच, म्हणून बोधचिन्हावरून देश ठरवू नका.

कुठे फसगत होते: ही तीन अक्षरं नोंदणीकृत उत्पादकाला दिलेली असतात, कारखान्याला नव्हे. पोर्शची कायेन स्लोव्हाकियात ब्रातिस्लाव्हाला बनते, तरी नंबर WP1 ने, म्हणजे जर्मनीच्या W ने सुरू होतो.

न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तर जास्तच सावध राहावं. जपानच्या देशांतर्गत बाजारातल्या गाड्यांना 17 अक्षरी नंबर नसतो, फक्त छोटा फ्रेम नंबर असतो. अशी वापरलेली गाडी न्यूझीलंडला आली की तिथली यंत्रणा तिला स्वतःचा नंबर देते. आधी तो 7A8 ने सुरू व्हायचा, 2009 च्या अखेरीपासून 7AT ने. त्या 7 वरून गाडी न्यूझीलंडला बनली असं वाटतं, पण तो केवळ तिथल्या नोंदणीचा शिक्का आहे. अशा गाडीचा मूळ फ्रेम नंबर विक्रेत्याकडून मागून घ्या.

शंका उरलीच तर अकरावं अक्षर बघा. बहुतेक कंपन्या तिथे कारखान्याचा संकेत देतात. प्रत्येक कंपनीचे संकेत वेगळे असल्यामुळे त्याचा अर्थ अधिकृत डीलरकडे पूर्ण नंबर देऊनच विचारावा.