हेन्रीचा घटस्फोट आणि मठांच्या जमिनी

"इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला घटस्फोट हवा होता, म्हणून तो प्रोटेस्टंट झाला आणि त्याने कॅथलिक मठ बुडवले."

यातला लग्नाचा धागा खरा आहे. पोप पहिला विवाह रद्द करेना, म्हणून हेन्रीने रोमशी संबंध तोडले. पण पुढच्या तारखा लावून पाहा. ॲन बोलिनशी लग्न झालं 1533 मध्ये, चर्चचं प्रमुखपद मिळालं 1534 मध्ये. मठ बुडवण्याचा पहिला कायदा आला तो 1536 मध्ये, म्हणजे लग्नाचा प्रश्न सुटल्यावर.

मग कारण काय? 1535 मध्ये चर्चच्या उत्पन्नाची मोजदाद झाली होती. 1536 च्या कायद्याची प्रस्तावना वाचा: लहान मठांत अनाचार, मोठ्यांत धर्म उत्तम पाळला जातो! लहान कोणता, हे मात्र वार्षिक 200 पौंडांच्या उत्पन्नावरून ठरवलं. अनाचार असा हिशेबाच्या रेषेवर थांबत नसतो. 1540 पर्यंत ते 'उत्तम' मठही गेले. बऱ्याच जमिनी विकून पैसा खजिन्यात आला.

आणि श्रद्धा? 1539 च्या सहा कलमी कायद्याने पाद्र्यांचं ब्रह्मचर्य, खाजगी पापकबुली या कॅथलिक गोष्टी सक्तीने कायम ठेवल्या. प्रोटेस्टंट वळण ठळकपणे आलं ते त्याच्या मुलाच्या राज्यात.