‘आलं तसं पुढे पाठवलं’

“मी कुठे लिहिलंय? आलं तसं पुढे पाठवलं, माझा काय संबंध?”

संबंध येतो. समजा, गुहागरकडच्या वाडीतल्या ग्रुपवर एका मासेविक्रेतीचा फोटो आला, खाली ‘ही वजनात मारते’. खरंखोटं न बघता तुम्ही तो मुंबईच्या चाकरमान्यांच्या ग्रुपवर ढकललात. भारतीय न्याय संहितेचं बदनामीबद्दलचं कलम ३५६ indiacode.nic.in वर वाचून बघा: नाव खराब होईल हे कळत असताना मजकूर प्रसिद्ध करणाराही त्यात येतो, फक्त लिहिणारा नाही. नव्या माणसांपर्यंत तो तुम्हीच नेलात. ‘फॉरवर्डेड’ची पट्टी एवढंच सांगते की मजकूर दुसरीकडून आलाय.

नुसता लाइक सहसा प्रसिद्धी ठरत नाही. पण फेसबुकवर त्यानेच पोस्ट आणखी लोकांसमोर जाऊ शकते, आणि त्या बाईंना लाइक करणाऱ्यांची नावं दिसतात. शेजाऱ्यांचीसुद्धा.